चॉकलेटला विरजण

दुकानातून आणलेला चांगल्या डार्क चॉकलेटचा बार चकचकीत असतो, मोडला की टच्‌ असा आवाज येतो आणि बोटांत धरला तर लगेच चिकटत नाही. हाच बार घरी वितळवून ताटलीत ओता आणि गोठू द्या. त्यात काही मिसळलेलं नाही, त्यातून काही काढलेलंही नाही. तरी दुसऱ्या दिवशी हातात येतं ते भलतंच काहीतरी. रंग मळकट, वर राखाडी रेघा, मोडायला गेलं तर आधी वाकतं आणि मग भुसभुशीत तुकडा पडतो. नुसतं बोट टेकवलं तरी डाग उमटतो. घरी करून बघणाऱ्या पुष्कळांची यावर एकच समजूत होते, की चॉकलेट हलक्या प्रतीचं निघालं. खरं तर चॉकलेट तेच असतं. त्यातली चरबी गोठताना कशी रचली गेली, एवढाच फरक असतो. ती हवी तशी रचून घेण्याच्या कामाला टेम्परिंग म्हणतात, आणि ते एक पातेलं, स्टीलचं एक भांडं आणि घरातला ताप बघायचा थर्मामीटर यांच्यावर होतं.

सुरुवात करण्यापूर्वी पाकिटाची मागची बाजू वाचावी. बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात चॉकलेटच्या ज्या मोठ्या लाद्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच ‘कंपाऊंड’ असतात. त्यांत कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेली असते, बहुतेक वेळा पाम जातीची. कंपाऊंड वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, बरं चकाकतं. टेम्परिंगचा आणि त्याचा संबंध नाही. दिवाळीच्या किंवा राखीच्या डब्यांसाठी घरगुती चॉकलेटं करणाऱ्या बायका कंपाऊंड वापरतात, आणि आपल्याकडची हवा पाहता त्यांचं काही चुकत नाही. मात्र ते खाताना टाळूला एक मेणचट थर बसतो, तो खऱ्या चॉकलेटचा बसत नाही. घटकांच्या यादीत कोको सॉलिड्स, कोको बटर, साखर, लेसिथिन एवढंच असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट वरच्या क्रमांकावर दिसलं तर कंपाऊंड. स्वस्त पडावं म्हणून दोन्ही निम्मं निम्मं मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. या दोन चरब्या एकमेकींना रचू देत नाहीत. मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ राहतं आणि थोड्याच दिवसांत पांढरं पडतं. बिस्किटांत घालायचे चॉकलेट चिप्सही या कामाचे नाहीत. भट्टीत आकार टिकावा म्हणून त्यांत चरबी मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे ते वितळले तरी दाटच राहतात.

कोको बटर ही चरबी जरा विक्षिप्त आहे. गोठताना तिचे कण एकाच पद्धतीने रचले जात नाहीत, सहा पद्धतींनी रचले जाऊ शकतात. विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ साली या सहांची जी मांडणी केली, ती आजही वापरात आहे. प्रत्येक रचना वेगळ्या तापमानाला वितळते. पहिली सतराच्या आसपास, चौथी साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना, पाचवी चौतीसच्या जरा अलीकडे आणि सहावी छत्तीसला. आपल्याला हवी ती पाचवी. ती घट्ट आणि एकसारखी रचली जाते, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड सरळ परततो. घट्ट रचल्यामुळे चॉकलेट गोठताना किंचित आकसतं आणि साचा आपणहून सोडतं. शिवाय ती वितळते ते आपल्या तोंडाच्या तापमानाच्या किंचित खाली, म्हणजे हातात टिकते आणि जिभेवर विरघळते. सहावी रचना आणखी घट्ट, पण ती ताज्या चॉकलेटमध्ये तयार होत नाही. जुन्या पडून राहिलेल्या बारमध्ये पाचवीचीच हळूहळू सहावी होते.

अडचण अशी की खालच्या रचना झटपट होतात आणि पाचवीला वेळ लागतो. चॉकलेट पूर्ण वितळवून तसंच सोडून दिलं, तर थंड होता होता चौथी आणि तिच्या खालच्या रचना जागा धरून बसतात. त्या ढिल्या असतात, म्हणून तुकडा मऊ राहतो. पुढच्या काही दिवसांत त्या आपोआप घट्ट रचनेकडे सरकू लागतात आणि त्या खटाटोपात काही चरबी वर येऊन पुन्हा गोठते. राखाडी रेघा दिसतात त्या याच.

वरचे आकडे नीट पाहिले तर त्यांतच उपाय सापडतो. अठ्ठावीसच्या वर चौथी रचना जगत नाही. चौतीसच्या खाली पाचवी जगते. या दोन आकड्यांमध्ये चॉकलेट धरून ठेवलं आणि त्यात पाचव्या रचनेचे थोडे स्फटिक असले, तर बाकीची चरबी गोठताना त्यांच्याच वळणावर जाते. डार्क चॉकलेटसाठी ही जागा एकतीस ते बत्तीस अंशांची. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची चरबी असते, ती रचना जरा सैल करते, म्हणून तिथे एकोणतीस-तीस. व्हाइटला आणखी एक अंश कमी.

ते पहिले स्फटिक आणायचे कुठून? कारखान्यात चॉकलेट पंचेचाळीसच्या पुढे तापवतात, सत्तावीसपर्यंत उतरवून स्फटिक पाडतात आणि पुन्हा एकतीसला नेऊन नको असलेले वितळवून टाकतात. जुने कारागीर हेच संगमरवरी लादीवर करत. वितळलेलं चॉकलेट लादीवर ओतायचं, पात्याने पसरवायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरवायचं. आपल्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा असतो, त्यामुळे हा मोह होतो. पण एप्रिलमध्ये ओटाच तीस-बत्तीस अंशांवर असेल तर तो कशाला थंड करणार? आणि नंतर ओटा घासायचा तो वेगळाच. घरी सोपा मार्ग दुसरा आहे. दुकानातल्या चकचकीत बारमध्ये पाचव्या रचनेचे स्फटिक आयते भरलेले असतात. त्यातलाच एक हिस्सा न वितळवता बाजूला ठेवायचा आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालायचा. दुधाला विरजण लावतो तसंच हे. विरजण लावताना दूध किती गरम असावं हे आपल्याला बोटाला कळतं. कढत दुधात दही घातलं तर विरजण मरतं आणि सकाळी भांड्यात दूधच असतं. चॉकलेटचंही तेच होतं. चाळीस अंशांच्या चॉकलेटमध्ये कितीही तुकडे घाला, ते वितळून जातात. त्यांनी भांडं थोडं थंड होईल, पण स्फटिक एकही उरणार नाही. खरं विरजण ठरतात ते चौतीसच्या खाली पडलेले तुकडे.

म्हणून सगळं लक्ष या एका आकड्यावर, आणि तिथेच तापाचा थर्मामीटर कामी येतो. बहुतेक डिजिटल थर्मामीटर बत्तीस अंश सेल्सिअसपासून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंतच वाचतात. त्याखाली पडद्यावर Lo येतं. म्हणजे योगायोगाने डार्क चॉकलेट कामाला तयार होतं ती जागा आणि थर्मामीटर हात टेकतो ती जागा एकच. आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये मोजायची सवय आहे. यंत्र त्यावर लावलेलं असेल तर चौतीस म्हणजे त्र्याण्णव आणि बत्तीस म्हणजे नव्वदच्या किंचित खाली. दोन गोष्टी सांभाळायच्या. हे यंत्र सर्वांत जास्त वाचलेला आकडा धरून ठेवतं, म्हणून दर वेळी टोक पुसून, बंद करून पुन्हा चालू करायचं. आणि आजारी माणसाच्या तोंडातला थर्मामीटर इथे आणायचा नाही, शंभर-दोनशे रुपयांचा वेगळा घ्यावा. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर मात्र अन्नात कधीच बुडवू नये.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. ओठाची त्वचा चौतीसच्या जवळपास असते. चमच्याच्या टोकाने चॉकलेटचा थेंब खालच्या ओठाला लावायचा. गरम वाटलं तर चॉकलेट चाळिशीच्या पुढे आहे. काहीच वाटलं नाही, ना गरम ना गार, तर ते ओठाएवढंच आहे, म्हणजे विरजण टिकायला अजून जरा उशीर आहे. किंचित गार लागलं की आपण एकतीस-बत्तीसला पोचलो. मिल्क चॉकलेटला हा गारवा थोडा जास्त, स्पष्ट जाणवेल इतका हवा.

थर्मामीटरपेक्षाही महत्त्वाची गोष्ट खोली. चॉकलेट गोठायला अठरा ते बावीस अंश हवेत. मुंबईत मे महिन्यात घराच्या आत तीस अंश आणि वर दमटपणा असताना बत्तीस अंशांचं चॉकलेट गोठेल कसं? तिथे एसीशिवाय हा उद्योग करू नये. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. विदर्भात हिवाळा चांगला, उन्हाळ्यात नाव काढू नये. एसी लावायचा तर बावीसवर, अर्धा तास आधी, आणि भांडी, साचे, बदाम जे काही लागणार ते सगळं आधीच त्या खोलीत नेऊन ठेवायचं. पंखा मात्र बंद. त्याच्या झोताने वरची साय आधी गोठते आणि पट्टे पडतात.

आता चारशे ग्रॅम डार्क चॉकलेट घेऊ, पंचावन्न टक्के कोकोचं. यापेक्षा कमी घेतलं तर तापमान हातातून फार झटकन निसटतं. त्यातलं दोनशे ऐंशी ग्रॅम सुरीने हरभऱ्याएवढं चिरायचं, हे वितळवायचं. ऐंशी ग्रॅम आणखी बारीक, जवळजवळ किसाएवढं करायचं. उरलेला चाळीस ग्रॅमचा तुकडा अखंड ठेवायचा. चॉकलेट जुनं, पांढरं पडलेलं असेल तर ते वितळवायच्या वाट्यात टाकावं. विरजणासाठी चकचकीत, कडक तुटणारंच हवं.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करायचा. त्यावर पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठं स्टीलचं भांडं बसवायचं, म्हणजे वाफ कडेने वर येऊन चॉकलेटमध्ये शिरणार नाही. भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. दोनशे ऐंशी ग्रॅम त्यात टाकून रबरी उलथन्याने हळूहळू हलवायचं. पाच-सहा मिनिटांत ते गुळगुळीत होतं. एकही कण न राहता ते पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसपर्यंत पोचायला हवं, कारण जुने सगळे स्फटिक पुसून कोरी पाटी करायची असते. ओठाला चांगलंच गरम लागतं. पन्नासच्या पुढे मात्र नेऊ नये, आणि मिल्क किंवा व्हाइट असेल तर पंचेचाळीसच पुष्कळ. त्यांतलं दूध लवकर करपतं आणि चॉकलेट रवाळ होतं.

भांडं उतरवल्याबरोबर त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसायचा. हे विसरण्याची शिक्षा मोठी आहे. तळाला लागलेल्या पाण्याचा एक ओघळ ओतताना चॉकलेटमध्ये गेला की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि क्षणात सगळ्याचा घट्ट, चिकणमाती झालेला गोळा होतो. चार थेंब पुरतात. त्यानंतर टेम्परिंगचं नाव सोडायचं, त्यात चार-पाच चमचे गरम दूध किंवा साय घालून हलवायचं आणि आइस्क्रीमवर ओतायचा सॉस म्हणून वापरायचं. गंमत म्हणजे थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट जास्त पाण्याने सुटतं.

पुसलेलं भांडं घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवायचं आणि बारीक किसातला निम्मा भाग घालून सतत हलवायचं. तो दिसेनासा झाला की दुसरा निम्मा. हे ऐंशी ग्रॅम बहुतेक सगळे वितळून जातील, जाऊ द्यावेत. त्यांचं काम भांड्याला पस्तीस-छत्तीसवर आणून सोडण्याचं. या टप्प्यावर थर्मामीटर घालून पाहावा. पस्तीस दाखवत असेल तर दोन मिनिटं नुसतं हलवत बसायचं. चौतीसच्या खाली आकडा आला की तो अखंड चाळीस ग्रॅमचा तुकडा सोडायचा. खरं विरजण हेच. मोठा तुकडा घेण्याचं कारण असं की तो सावकाश, कडेकडेने विरघळतो आणि बरोबर हव्या त्या तापमानाला स्फटिक सोडत राहतो. शिवाय काम झालं की काट्याने उचलून बाहेर काढता येतो. बारीक कीस उरला तर गुठळ्या होऊन राहतो.

हलवणं इथे महत्त्वाचं, फेटणं नाही. उलथनं तळाला टेकवून, कडा ओढून घेत, हवा न मिसळता. ढवळल्याने नुसतं थंड होत नाही, स्फटिकांचे तुकडे होऊन त्यांची संख्याही वाढते. खोली बावीस अंशांवर असेल तर आठ-दहा मिनिटांत थर्मामीटरवर Lo दिसतं आणि ओठाला गारवा लागतो. चॉकलेटही वेगळं दिसू लागतं. आधी पातळ आणि तेलकट चकाकणारं होतं, आता जरा अंग धरतं, उलथन्यावरून पडताना क्षणभर रेघ उमटून मग मिसळते.

आकड्यावर विश्वास ठेवून ओतायची घाई करू नये. विरजण खरंच लागलं का हे चॉकलेटलाच विचारायचं. सुरीचं टोक बुडवून, निथळून ती ओट्यावर ठेवायची आणि घड्याळ बघायचं. चार-पाच मिनिटांत तो थर कडेपासून गोठायला लागला, एकसारखा सॅटिनसारखा झाला आणि बोट लावल्यावर डाग आला नाही, तर झालं. पाच मिनिटांनीही ओलसरच असेल तर स्फटिक कमी पडले. भांड्यात तुकडा अजून असेल तर आणखी दोन-तीन मिनिटं हलवायचं, नसेल तर नवा चकचकीत तुकडा घालायचा. गोठला पण त्यात फिक्या रेघा किंवा ठिपके आले तर स्फटिक आहेत, पण सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. यालाही औषध हलवणंच. चाचणीतून पास झाल्यावर उरलेला तुकडा काढून घ्यायचा. तो पुढच्या वेळी चालतो.

तयार चॉकलेट तसंच राहत नाही. काम चालू असताना ते गार होतं, स्फटिक वाढत जातात आणि ते दाट, ओढल्यासारखं होतं. नवख्या माणसाला वाटतं आता बिघडलं, आणि तो भांडं परत वाफेवर ठेवतो. मग सगळे स्फटिक वितळून पहिल्यापासून सुरुवात. त्याऐवजी केस वाळवायचा ड्रायर घ्यावा. भांड्याच्या बाहेरून पाच-सात सेकंद गरम हवा, मग हलवायचं, ओठाला लावून पाहायचं. एखादा अंश वर गेला की ते पुन्हा सैल होतं. चौतीसला शिवायचं नाही, एवढंच पथ्य. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतही यासाठी गरम हवेचं यंत्रच वापरतात.

बारसाठी खास साचे नसले तर मिठाईचा पारदर्शक, कडक प्लॅस्टिकचा डबा किंवा चकचकीत स्टीलची ताटली घ्यावी. चॉकलेटची चमक ही निम्मी स्फटिकांची आणि निम्मी साच्याची असते. ज्याला टेकून ते गोठतं त्याचा पोत ते जसाच्या तसा उचलतं. ओरखडे पडलेला डबा ओरखडेच देतो. सिलिकॉनचे मऊ साचे सोयीचे असतात, पण बहुतेकांचा आतला भाग मंद असतो, म्हणून उत्तम टेम्पर केलेलं चॉकलेटही त्यांतून फिकं निघतं आणि दोष उगाच आपल्याकडे येतो. डबा धुऊन, पूर्ण वाळवून, आतून सुक्या कापसाने घासून घ्यायचा. चॉकलेट अर्धा सेंटिमीटर जाडीचं ओतायचं, डबा ओट्यावर चार-पाच वेळा आपटायचा, बुडबुडे वर येतात.

यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी वरचा ओला तजेला जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागतो. याच क्षणी डबा फ्रिजमध्ये ठेवायचा, पण फक्त दहा-बारा मिनिटं. स्फटिक तयार होताना उष्णता बाहेर टाकतात. जाड बारच्या पोटात ती अडकली तर आतला भाग पुन्हा तापतो आणि चांगलं लागलेलं विरजण मधोमध विस्कटतं. कडा चकचकीत आणि मध्ये गोल पांढरट डाग असे बार निघतात ते यामुळे. फ्रिज ती उष्णता ओढून घेतो. बाहेर काढून तासभर राहू दिलं की बार आकसून कडेपासून सुटलेला दिसतो. पारदर्शक डबा खालून पाहिला तर ओलसर काळा डाग जाऊन सगळीकडे एकसारखी चंदेरी झाक आलेली असते. उलटा केला की आपोआप पडतो. चिकटून बसला तर ओढाताण करू नये. टेम्पर झालं नाही, किंवा अजून वेळ द्यायला हवा, यांपैकी एक.

वेष्टणासाठी चॉकलेट तेच, पण आत काय घालतो त्यावर सगळं अवलंबून. बदाम सोपे. आधी कोरडे भाजून घ्यायचे आणि पूर्ण निवू द्यायचे, कारण कोमट बदामही आपल्या भोवतीचे स्फटिक वितळवतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र परीक्षा घेते. ती धुतली की पाकळ्यांखाली पाणी लपून राहतं. पंच्यावर पसरून दोन तास तरी वाळवावी लागते. फ्रिजमधून काढून थेट बुडवली तर दोन तोटे होतात. गार फळाला लागून चॉकलेट झटक्यात गोठतं, म्हणून नको त्या रचना होतात आणि कवच मंद दिसतं. आणि पुढे फळ खोलीच्या तापमानाला येताना फुगतं, कवचाला तडा जातो. फळ आणि खोली एकाच तापमानाला हवीत. देठ धरून बुडवायची, गोल फिरवत वर काढायची, भांड्याच्या कडेला तळ हलकेच पुसून बटर पेपरवर ठेवायची. तळ पुसला नाही तर खाली चॉकलेटची थाळी जमते. स्ट्रॉबेरीतून रस सुटतो, म्हणून ती त्याच दिवशी संपवायची. खजूर किंवा सुकं अंजीर घेतलं तर ही घाई नाही.

चार दिवसांनी बारवर पांढरेपणा आलाच, तर तो कशाचा हे बोटाने कळतं. बोटाची ऊब लागून डाग पुसट झाला, तर ती वर आलेली चरबी. टेम्परिंग अर्धवट झालं किंवा बार उन्हात, गॅसजवळ तापला. डाग खरखरीत लागला आणि उबेनेही गेला नाही, तर ती साखर. थंड चॉकलेट दमट हवेत उघडं केलं की त्यावर पाणी सुटतं, साखर त्यात विरघळते आणि पाणी उडाल्यावर वरच राहते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हेच जास्त होतं. चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवावंच लागलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका गरम होईपर्यंत, दोन तास तरी, झाकण उघडायचं नाही. घरातल्या मुलांना हे पटवणं टेम्परिंगपेक्षा अवघड.

शंभर-दीडशे ग्रॅमच हवं असेल तर इतका घाट घालायची गरज नाही. टेम्पर केलेलं चॉकलेट वितळूच दिलं नाही पूर्ण, तर विरजण बाहेरून आणावंच लागत नाही. चॉकलेट बारीक चिरून काचेच्या भांड्यात, मायक्रोवेव्ह निम्म्या शक्तीवर. आधी अर्धा मिनिट, मग दर वेळी दहा-पंधरा सेकंद, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून हलवायचं. तीन चतुर्थांश वितळलेलं आणि बाकी कण दिसत असताना थांबायचं. भांड्याच्या उबेनेच उरलेले कण हलवता हलवता विरघळतात. या सगळ्यात चॉकलेट ओठाला कधीही गरम लागता कामा नये. एकदा लागलं की स्फटिक गेले आणि पहिल्या रीतीकडे वळावं लागतं. ही युक्ती फक्त चकचकीत, ताज्या बारवर चालते. पांढऱ्या पडलेल्या बारमध्ये राखून ठेवण्याजोगं काही नसतं.

काम संपल्यावर भांड्यात शंभरएक ग्रॅम चॉकलेट उरतंच. ते बटर पेपरवर पसरून गोठवावं आणि तुकडे करून ठेवावेत. बदामाचे कण पडलेले असतील तर ते गाळत बसू नये, केकमध्ये किंवा दुधात घालून वापरून टाकावं. स्वच्छ असेल तर पुढच्या खेपेला वितळवायच्या वाट्यात जातं, आणि चाचणीला पास झालेलं, टच्‌ असं तुटणारं असेल तर विरजणाच्या वाट्यातही. भांडं लगेच धुऊ नये. अर्ध्या तासात चॉकलेट गोठून पापुद्रे सुटतात, ते खरवडून काढावेत आणि मगच गरम पाणी घ्यावं, नाहीतर वितळलेली चरबी वाहून बेसिनच्या पाइपात जाऊन गोठते.